फोटो बघून इंग्रजी बोलणं ही पोपटपंची आहे का?

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा ग्रामपंचायतीसमोर वाद झाला. वाचनालयाच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते आठ, एक निवृत्त गुरुजी पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवतात. पैसे घेत नाहीत. एका पालकाचं म्हणणं, "तिथं व्याकरण शिकवतच नाहीत. भिंतीवर बाजाराचा फोटो लावतात, फळ्यावर अर्धी वाक्यं लिहितात आणि पोरं रिकाम्या जागा भरत बसतात. ही पोपटपंची झाली. त्यापेक्षा खोली दुसऱ्या कामाला द्या." दोन सदस्यांनी मान डोलावली. सोमवारच्या बैठकीत त्यावर निर्णय आहे.

त्या वर्गात मी दीड महिना अधूनमधून मागच्या बाकावर बसलोय. भिंतीवरचा तो फोटो मीच काढलेला आहे, म्हणून माझा थोडा स्वार्थ आहे हे आधीच कबूल करतो. पण टीका करणाऱ्या त्या काकांनी एक संध्याकाळ तरी तिथं बसायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवसाचं सांगतो. बावीस जण होते. बारावी झालेल्या पोरी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची दोन-तीन पोरं, आयटीआयवाले आणि मांडीवर लेकरू घेऊन आलेली एक सून. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे यातल्या बहुतेकांनी दहा-बारा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हातात धरलेलं. सरांनी आपल्या आठवडी बाजाराचा मोठा फोटो भिंतीवर लावला. मी काढलेला, फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेला. त्यात फाटक्या छत्रीखाली बसलेली मिरच्या विकणारी बाई, केळीचा हातगाडा, दोन शेळ्या, पेरू खाणारा पोरगा आणि मागं लाल एसटी आहे. सर म्हणाले, "बोला इंग्रजीत. काय दिसतंय?"

सगळे चिडीचूप. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शेवटी एक पोरगा म्हणाला, "सर, मार्केट."

सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'मार्केट' लिहिलं आणि म्हणाले, "अजून?" मग हळूहळू शब्द यायला लागले. बस, गोट, अंब्रेला, बनाना, बॉय, बास्केट, बॅग, रोड, ट्री. पाच मिनिटांत फळ्यावर एकोणीस शब्द झाले. त्यातला एकही सरांनी सांगितला नव्हता.

मला तिथंच पहिली गोष्ट कळली. आपल्या पोरांकडं शब्द नाहीत असं आपण समजतो, आणि शब्द तर त्यांच्याकडं ढीगभर आहेत. वाक्य सुरू कुठून करायचं हे त्यांना माहीत नाही. आपण मराठीत म्हणतो, "छत्रीखाली बाई आहे." आधी जागा, मग वस्तू, शेवटी 'आहे'. इंग्रजीत हेच जवळपास उलटं होतं: "देअर इज अ वूमन अंडर द अंब्रेला." 'आहे' पुढं आला, मग बाई, आणि छत्री पार शेवटी. वर 'खाली' हा शब्द आपण छत्रीच्या मागं चिकटवतो, इंग्रजीत तो छत्रीच्या पुढं येऊन बसतो. म्हणजे पोरगं मनात मराठी वाक्य जुळवून पहिला शब्द शोधायला जातं, तेव्हा त्याच्या हाती 'छत्री' येते. आणि इंग्रजी वाक्य छत्रीपासून सुरूच होत नाही. तिथंच ते गप्प होतं. त्यात शाळेत 'देअर' म्हणजे 'तिथे' असं पाठ करून घेतलेलं. समोर भिंतीवरच्या फोटोतल्या बाईला 'तिथे' कसं म्हणायचं, या विचारात अजून दोन सेकंद जातात.

सरांनी 'देअर इज'चा अर्थच सांगितला नाही. त्यांनी कागदाच्या तीन पट्ट्या आणल्या. पिवळ्या पट्टीवर 'देअर इज अ', पांढऱ्या पट्टीवर रिकामी जागा, निळ्या पट्टीवर 'अंडर द', 'ऑन द', 'निअर द', 'बिहाइंड द' आणि पुढं पुन्हा रिकामी जागा. पिवळी पट्टी कायम पहिली. आपल्याजवळच्या एकोणीस शब्दांतला एक पांढऱ्या जागेत घालायचा, एक निळीच्या पुढं. एवढंच. याला ते 'वाक्याचा साचा' म्हणतात.

साच्यानं काय झालं, तर पोरांना सुरुवात सुचण्याची वाट बघावी लागली नाही. मघाशी 'मार्केट' म्हणून थांबलेला पोरगा म्हणाला, "देअर इज अ गोट निअर द बस." त्याला स्वतःलाच हसू आलं. 'अ' आणि 'द' कुठं लावायचा यावर शाळेत आपण वर्षभर डोकं फोडून घेतलं होतं. इथं तो पट्टीला चिकटूनच आला. अंब्रेलाला तेवढा 'अन' लागतो, हे सरांनी जाता जाता सांगितलं. आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग शेजाऱ्याला सांगायचं आणि शेवटी ज्याला वाटेल त्यानं एकट्यानं. हा क्रम ते मोडत नाहीत, कारण लाजाळू माणसाचा आवाज गर्दीत आधी निघतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. व्याकरण शिकवत नाहीत, या आरोपाला उत्तर इथंच आहे.

आपला मराठीतला 'आहे' फार कामाचा गडी आहे. 'बाई म्हातारी आहे', 'झाडाखाली बाई आहे', 'शेळीला दोन शिंगं आहेत', तिन्हीकडं तोच. इंग्रजीत या तीन कामांना तीन वेगळी माणसं लागतात. म्हातारी आहे, तर 'द वूमन इज ओल्ड'. झाडाखाली आहे, तर 'देअर इज अ वूमन'. आणि शिंगं आहेत, तर 'द गोट हॅज टू हॉर्न्स'. आपली पोरं तिन्हीकडं 'इज' लावतात आणि 'गोट इज टू हॉर्न' असं काहीतरी तयार होतं. सरांनी तीन 'आहे'चे तीन साचे केले आणि दर आठवड्याला एकच दिला. दुसरा आठवडा अख्खा 'हॅज'वर घालवला. 'द वूमन हॅज अ बॅग इन हर हँड', 'द बस हॅज सिक्स व्हील्स'. आता हे व्याकरण नाही तर काय आहे? नियम फळ्यावर लिहिला नाही, एवढाच फरक.

दुसरी गंमत तर मला या वयात कळली. आपण म्हणतो, 'बाई बसली आहे', 'पोरगा उभा आहे', 'म्हातारा झोपलाय', 'तिनं हिरवी साडी नेसलीय'. आपल्याकडं बसण्याची क्रिया होऊन गेली आणि बाई आता तशी आहे. म्हणून पोरं म्हणतात, 'वूमन इज सॅट'. इंग्रजी माणसाला ती बाई अजून बसतेच आहे: 'इज सिटिंग'. तसंच 'इज स्टँडिंग', 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग अ ग्रीन सारी'. फोटोचं वर्णन करायचं म्हटलं की पहिली हीच क्रियापदं लागतात, कारण फोटोतली माणसं बहुतेक बसलेली, उभी आणि काहीतरी घातलेली असतात. चुका तिथंच जास्त होतात. म्हणून सरांनी 'द अमका इज तमका-इंग' या साच्यात पहिले आठ दिवस फक्त हेच चार शब्द ठेवले. सेलिंग, ईटिंग, कॅरिंग नंतर आले.

आणि 'ही'चा घोळ. मराठीत 'ही' म्हणजे बाई, इंग्रजीत 'ही' म्हणजे बाप्या. पोरी मिरचीवाल्या बाईकडं बोट दाखवून बिनधास्त 'ही इज सेलिंग' म्हणायच्या. आणि 'शी' म्हणायची वेळ आली की सगळा वर्ग हसायचा, कारण आपल्याकडं 'शी!' कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तो घोळ अजून पूर्ण गेलेला नाही.

आता साच्यांचा तोटाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता जाहिरात करतोय.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वर्गात गाडी रुळावर आल्यासारखी वाटत होती आणि तिथंच बिघडत होती. पोरं धडाधडा बोलायची. देअर इज अ बस, देअर इज अ ट्री, देअर इज अ गोट. बारा वाक्यं, बाराही सारखी, सुरात, पाढे म्हटल्यासारखी. ग्रामपंचायतीसमोर बोललेले काका नेमके त्या दिवशी खिडकीतून डोकावून गेले असावेत. त्या दिवसापुरता त्यांचा आरोप खराच होता. भरीला पोरं दोन साचे एकमेकांना चिकटवायला लागली: 'देअर इज अ मॅन इज सेलिंग बनानाज'. एका वाक्यात दोन 'इज'. साचे देणाऱ्या वर्गात ही चूक होणारच, कारण दोन्ही साचे नवीन पाठ झालेले असतात आणि मध्ये थांबायचं कुठं ते ठाऊक नसतं.

सरांनी याला साधा उपाय केला. पहिल्या वाक्यानंतर टाळी वाजवायची. 'देअर इज अ मॅन.' टाळी. 'ही इज सेलिंग बनानाज.' एकाची दोन वाक्यं झाली. मधला 'इज' काढून एकच वाक्य करता येतं, पण ते त्यांनी एवढ्यात सांगितलं नाही. बोलता बोलता कुणी चुकलं तर ते थांबवत नाहीत. तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणतात, "हो, ही इज सेलिंग बनानाज. मग?" पोरगं पुढं बोलत राहतं.

पाढ्यांवरचा उपाय मात्र वेगळा. एक पोरगा फोटो घेऊन भिंतीकडं तोंड करून बसला. दुसरा त्याच्याकडं पाठ करून कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसला. फोटो नवीन, म्हणजे जत्रेतला, तोही माझाच. ज्याच्याजवळ फोटो आहे त्यानं इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून चित्र काढायचं. आता पाढे म्हणून चालेना. 'देअर इज अ डॉग' एवढ्यानं कुत्रं कागदावर कुठं काढायचं ते कळत नाही. एका जोडीत सांगणारा 'अंडर' म्हणाला आणि काढणाऱ्यानं पाळण्याच्या बरोबर खाली चिरडलेलं कुत्रं काढलं. सांगणारा मान वळवून बघतो आणि ओरडतो, "नो, नो! नॉट अंडर! निअर! डॉग इज निअर!" सगळे हसून लोळले. सर माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "हे वाक्य फळ्यावर नव्हतं."

काका ज्याला पोपटपंची म्हणतात, ती आणि बोलणं यांतला फरक मला त्या ओरडण्यात दिसला. पोपट समोरच्याला कळलं का, हे बघत नाही.

आणि फळा. पहिल्या दिवशी साचा पूर्ण लिहिलेला असतो. चौथ्या दिवशी फक्त पहिले दोन शब्द. आठव्या दिवशी फळा पुसलेला, आणि फोटोही कधी न पाहिलेला. त्या दिवशी बोलता आलं तर साचा अंगात मुरला, नाहीतर परत तीन दिवस मागं. फळा पुसायला विसरतो तो मास्तर पोपट तयार करतो, असं सर स्वतःच म्हणतात. म्हणून काकांना माझी विनंती आहे, वर्ग तपासायचा असेल तर आठव्या दिवशी या. चौथ्या दिवशी खिडकीतून बघून मत बनवू नका.

मी एवढा का पेटलोय, तेही सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दैनिकात मुलाखतीला गेलो होतो. मराठी पेपर होता, तरी समोरच्या साहेबांना इंग्रजी बघायचं होतं. 'माय नेम इज'पासून 'माय हॉबी इज'पर्यंत दोन पानं मी पाठ करून गेलेलो. त्यांनी ते विचारलंच नाही. ते म्हणाले, "खिडकीतून काय दिसतंय ते इंग्रजीत सांगा." खाली रस्ता होता, सिग्नल होता, रिक्षा होत्या, फुगेवाला होता. यातला एकही शब्द मला येत नव्हता असं नाही. मी "सर, रोड" म्हणालो आणि थांबलो. थोड्या वेळानं त्यांनीच मराठीत पुढचा प्रश्न विचारला. ते सभ्य होते. मला नोकरी मिळाली नाही, त्याचं कारण तेवढंच असेल असंही नाही. पण त्या दिवशी 'मार्केट' म्हणून थांबलेल्या पोराला बघून माझ्या पोटात काय झालं असेल, तुम्ही समजू शकता.

आज तालुक्याला इंग्लिश स्पीकिंगचे क्लास आहेत. नावं घेत नाही. त्यातल्या एका क्लासची फी भरलेली आमच्या गावची पोरगी मला भेटली. तिला स्वतःची ओळख दीड मिनिटं न अडखळता सांगता येते, छान सांगते. मी मध्येच विचारलं, "व्हॉट इज युअर मदर डूइंग नाऊ?" तर ती परत नावापासून सुरू झाली. दोन्हीकडं साचाच आहे की, असं कुणी म्हणेल. पण त्या क्लासनं भरलेली वाक्यं दिली. इथले सर रिकामी जागा देतात, ती रोज वेगळ्या फोटोनं भरावी लागते.

फोटो आपल्याकडचेच का, असंही एकानं विचारलं होतं. सरांनी सुरुवातीला छापील चित्र आणलं होतं. बागेत चटई टाकून बसलेलं गोरं कुटुंब, टोपली, सँडविच, पतंग. त्यात पोरांना इंग्रजी शब्द शोधावे लागायचेच, वर ही माणसं नेमकं करताहेत काय हेही शोधावं लागायचं. बाजाराच्या फोटोत दुसरं ओझं नाही. तिथं काय चाललंय हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्याचा पुरावा मला शेवटच्या साच्यात मिळाला. हा साचा अंदाजाचा: 'आय थिंक' अमुक, 'बिकॉज' तमुक. इथं नुसतं दिसतं ते सांगून भागत नाही, कारण द्यावं लागतं. सर परत तोच पहिला बाजाराचा फोटो घेऊन आले. फळा कोरा. लेकरू घेऊन येणारी ती सून दीड महिन्यात एकटी क्वचितच बोलली होती. ती उठली, लेकरू शेजारणीकडं दिलं आणि म्हणाली, "आय थिंक शी इज वेटिंग फॉर द बस, बिकॉज हर बास्केट इज एम्प्टी."

मी फोटोकडं परत पाहिलं. टोपली खरंच रिकामी. हा फोटो मी पेपरात छापला होता तेव्हा खाली ओळ दिली होती, 'बाजारात शुकशुकाट, विक्रेते हवालदिल'. बाईनं माल विकून टाकला होता आणि ती गाडीची वाट बघत बसली होती. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

तरी या वर्गाचं मी फार मोठं करून सांगणार नाही. फोटोचं वर्णन म्हणजे गप्पा नव्हेत. फोटो उलट प्रश्न विचारत नाही. या पोरांना अजून प्रश्न विचारता येत नाही, 'इज देअर' म्हणून वाक्य फिरवता येत नाही, आणि काल काय झालं हे सांगायला लागलं की गाडी घसरते. परवा मी घड्याळ लावून बसलो होतो. 'मार्केट'वाल्या पोरानं नव्या फोटोवर एका मिनिटात सहा वाक्यं सांगितली. दोन मोडकी होती. सर म्हणतात, पुढचे दोन महिने प्रश्नांच्या साच्यांवर घालवायचे: 'इज देअर अ', 'व्हेअर इज द', 'व्हॉट इज शी'. त्यासाठी त्यांना खोली पाहिजे, आठवड्यातून तीन तास. बाकीचा वेळ खोली तुम्ही कशालाही द्या.

सोमवारी अकरा वाजता बैठक आहे. सदस्यांपैकी कुणाला त्याआधी वर्ग बघायचा असेल तर शनिवारी या. त्या दिवशी फळा पुसलेला असणार आहे आणि फोटो नवीन आहे, मोंढ्यातल्या सोयाबीनच्या लिलावाचा. आणि ज्यांच्याकडं घरातले, शेतातले, लग्नकार्यातले भरपूर माणसं असलेले फोटो असतील त्यांनी मला पाठवा, मी छापून घेतो. माझे बाजार आणि जत्रा पोरांना आता पाठ झाल्यात.